जुन्या गेमला त्याचा जुना पीसी: डॉसबॉक्स नीट लावायचा कसा?

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची जपून ठेवलेली फाइल आजच्या विंडोजवर डबलक्लिक केली, तर `This app can't run on your PC` एवढाच निरोप मिळतो. फाइल खराब झालेली नसते. ती १६ बिटच्या डॉससाठी लिहिलेली असते आणि तसे प्रोग्राम चालवण्याची सोय ६४ बिटच्या विंडोजमध्ये ठेवलेलीच नाही. शिवाय त्या काळचे गेम साउंड कार्डाशी आणि मेमरीशी मध्यस्थाविना थेट व्यवहार करत. ते साउंड कार्डही आजच्या लॅपटॉपमध्ये नसतं.

डॉसबॉक्स हा २००२ पासून मोफत मिळणारा प्रोग्राम ही अडचण मुळापासून सोडवतो. प्रोसेसर, ग्राफिक्स, साउंड कार्ड आणि खुद्द डॉस, असा आख्खा जुना पीसी तो सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. प्रिन्ससारखा गेम त्यावर काहीही न बदलता चालतो, कारण तो आपला वेग पीसीच्या घड्याळावरून ठरवतो. पण बरेच गेम असे नाहीत. ते एका ठरावीक काळच्या मशीनसाठी लिहिलेले असतात आणि तसं मशीन मिळालं तरच धड चालतात. ओरिजिन कंपनीने १९९० मध्ये आणलेला, क्रिस रॉबर्ट्स यांचा अंतराळयुद्धाचा गेम ‘विंग कमांडर’ हे त्याचं उत्तम उदाहरण आहे. फोल्डर, वेग, आवाज आणि मेमरी या चारही गोष्टी त्याच्या निमित्ताने समजून घेता येतात.

फोल्डरची ड्राइव्ह करणे

डॉसबॉक्स उघडला की काळ्या पडद्यावर `Z:\>` दिसतं. ही डॉसबॉक्सची स्वतःची ड्राइव्ह. आपल्या हार्ड डिस्कवर काय आहे, हे त्याला अजून माहीत नसतं. एखादा फोल्डर त्याला ड्राइव्ह म्हणून दाखवण्याला माउंट करणं म्हणतात. आधी विंडोजमध्ये `dosgames` नावाचा फोल्डर करायचा, त्यात `WC` हा फोल्डर आणि त्यात गेमच्या सगळ्या फाइल्स. मग डॉसबॉक्समध्ये हे टाइप करायचं:

```
mount c c:\dosgames
c:
cd wc
wc
```

पहिल्या ओळीतला सुटा `c` हा डॉसबॉक्समधल्या ड्राइव्हचा आहे आणि त्यापुढचा `c:\dosgames` हा आपल्या खऱ्या डिस्कवरचा पत्ता. नवख्यांचा घोळ बहुतेक इथेच होतो. खरी C ड्राइव्ह सगळीच्या सगळी माउंट करू नये. आतल्या प्रोग्रामला आपल्या सगळ्या फाइल्सवर लिहिता आणि पुसता येतं, म्हणून डॉसबॉक्ससुद्धा तसं केल्यास इशारा देतो.

चूक कुठे झाली, हे पडद्यावरच्या निरोपावरून कळतं. `Drive C does not exist!` आलं, तर माउंट झालेलंच नाही. `Illegal command` आलं, तर ड्राइव्ह आहे, पण आपण चुकीच्या फोल्डरमध्ये आहोत किंवा फाइलचं नाव चुकलंय. अशा वेळी `dir` टाइप करून समोर नेमकं काय आहे ते पाहावं. डॉसला आठ अक्षरांपर्यंतचीच नावं कळतात. फोल्डरला लांबलचक नाव दिलं, तर ते आत तोडून, `~1` असं शेपूट लावून दिसतं. म्हणून नाव आधीच आखूड ठेवलेलं बरं. डॉसबॉक्स चालू असताना विंडोजमधून एखादी नवी फाइल त्या फोल्डरमध्ये टाकली, तर ती आत लगेच दिसत नाही. `Ctrl+F4` दाबलं की यादी ताजी होते.

वेग: जास्त म्हणजे चांगला नव्हे

डॉसबॉक्सच्या खिडकीच्या माथ्यावर `Cpu speed: 3000 cycles` असं लिहिलेलं दिसतं. सायकल्स म्हणजे हा नकली प्रोसेसर एका मिलिसेकंदात किती सूचना पार पाडतो, तो आकडा. ३००० सायकल्स म्हणजे सेकंदाला तीस लाख सूचना. अगदी ढोबळ हिशेब सांगायचा, तर ३३ मेगाहर्ट्‌झच्या ३८६ पीसीसाठी ६००० च्या आसपास आणि ६६ मेगाहर्ट्‌झच्या ४८६ साठी २५,००० च्या आसपास सायकल्स धरतात.

विंग कमांडरला हा आकडा फार लागतो. लढाई चालू असताना तो पुढचं चित्र जमेल तितक्या लवकर काढतो आणि प्रत्येक चित्रागणिक विमानं पुढे सरकतात. १९९० च्या पीसीवर ते बरोबर जमून यायचं. तोच गेम दसपट वेगाच्या प्रोसेसरवर टाकला, की शत्रूचं विमान नजरेला पडेपर्यंत पडद्याबाहेर गेलेलं असतं.

डॉसबॉक्सचं मूळ सेटिंग `cycles=auto` आहे. त्यात साध्या गेमना ३००० सायकल्स मिळतात आणि ‘डूम’सारखा नंतरच्या काळातला गेम प्रोटेक्टेड मोडमध्ये गेला, की प्रोसेसर पूर्ण जोरात धावू लागतो. विंग कमांडर पहिल्या गटातला, त्यामुळे सुरुवात बरोबर होते. गेम हळू चालतो म्हणून कुणी `cycles=max` करून टाकलं, की मात्र सगळं बिघडतं.

योग्य वेग शोधण्याची जागा गेमनेच दिली आहे. सुरुवातीचं दृश्य संपलं की खेळाडू थेट सिम्युलेटरमधल्या सरावाच्या लढाईत उतरतो. तिथे हरलं तरी काही बिघडत नाही. तेव्हा तिथेच `Ctrl+F12` दाबून पाहावं. एका दाबात वेग दहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ३००० चे साधारण ३३००, मग ३६३०. `Ctrl+F11` ने तो उतरतो. विमान वळवल्यावर तारे धक्के न खाता सरकले आणि शत्रूवर नेम धरायला उसंत मिळाली, की तो आकडा टिपून ठेवावा. पडद्यावर विमानांची गर्दी झाली की गेम थोडा मंदावतो आणि मोकळ्या आकाशात पळतो. हा त्याच्या बांधणीचाच भाग आहे, सेटिंगचा दोष नाही. मात्र सायकल्स वाढवत गेल्यावर आवाज फाटू लागला, तर आपला खरा प्रोसेसरच कमी पडतोय असं समजावं आणि आकडा खाली आणावा.

आवाज: दोन्हीकडे तेच आकडे

विंडोजमध्ये आवाजाची काळजी गेमला करावी लागत नाही. डॉसमध्ये मात्र कार्ड कुठलं आणि ते कुठे बसवलंय, हे प्रत्येक गेमला वेगळं सांगावं लागे. त्यासाठी गेमच्या फोल्डरमध्ये `SETUP.EXE` किंवा `INSTALL.EXE` नावाचा प्रोग्राम असतो. डॉसबॉक्स साउंड ब्लास्टर १६ कार्डाचं सोंग घेतो. त्याचा पत्ता २२०, आयआरक्यू ७ आणि डीएमए १. पत्ता म्हणजे प्रोसेसरने कार्डाशी कुठे बोलायचं ती जागा, आयआरक्यू म्हणजे कार्डाने प्रोसेसरचं लक्ष वेधण्याची तार आणि डीएमए म्हणजे ध्वनीचा डेटा मेमरीतून कार्डाकडे नेणारी वाट. गेमच्या सेटअपमध्ये हेच तीन आकडे द्यायचे. डॉसबॉक्समध्ये `set` टाइप केलं, की `BLASTER=A220 I7 D1 H5 T6` अशी ओळ दिसते, तिच्यातही तेच आहेत.

इथली नेहमीची चूक आयआरक्यूची. खऱ्या साउंड ब्लास्टर १६ कार्डाचा नेहमीचा आयआरक्यू ५ असे, त्यामुळे काही सेटअप प्रोग्राम तोच आकडा पुढे करतात. डॉसबॉक्समध्ये तो ७ असतो. आकडे जुळले नाहीत, की संगीत वाजतं पण बोलणं आणि स्फोट ऐकू येत नाहीत, किंवा आवाजाचा एखादा तुकडा अडकून पुन्हा पुन्हा वाजतो. संगीत वाचतं, कारण कार्डावरची संगीताची चिप वेगळी असते आणि तिला आयआरक्यू लागत नाही.

विंग कमांडरमध्ये रोलँड एमटी-३२ या महागड्या वाद्ययंत्राचाही पर्याय आहे. तो मोह मूळ डॉसबॉक्समध्ये टाळावा. त्या यंत्राची वाद्यांची यादी विंडोजच्या यादीपेक्षा निराळी असल्याने भलतीच वाद्यं वाजू लागतात. ॲडलिब किंवा साउंड ब्लास्टर निवडावं. गेमच्या सुरुवातीलाच एक वाद्यवृंद सूर जुळवताना दिसतो. तो नीट ऐकू आला, की आवाजाचं काम झालं.

मेमरीचे तीन प्रकार

पहिल्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर एक मेगाबाइटपलीकडे पाहू शकत नसे. त्यातले ६४० किलोबाइट प्रोग्रामसाठी आणि वरचा भाग पडदा व इतर यंत्रणेसाठी राखीव होता. हे ६४० किलोबाइट म्हणजे कन्व्हेन्शनल मेमरी. गेम त्यात मावेनासे झाले, तेव्हा दोन वाटा निघाल्या. ईएमएस ही पहिली. घराच्या खिडकीतून रस्त्यावरची वरात तुकड्या-तुकड्याने पाहावी, तशी यात राखीव भागातल्या ६४ किलोबाइटच्या जागेतून मोठ्या मेमरीचे तुकडे आळीपाळीने समोर आणले जातात. दुसरी एक्सएमएस, म्हणजे एक मेगाबाइटच्या वरची सलग मेमरी, जिथून हवा तो डेटा खाली उतरवून घेतला जातो.

विंग कमांडर ईएमएस वापरतो आणि त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. ती मेमरी मिळाली, की कॉकपिटमध्ये वैमानिकाचा हात जॉयस्टिक हलवताना दिसतो. ती नसेल तर गेम चालतो, पण हात गायब असतो. डॉसबॉक्समध्ये तिन्ही प्रकारची मेमरी आधीच चालू असते आणि कन्व्हेन्शनल मेमरीही जवळजवळ पूर्ण मोकळी मिळते. `mem` टाइप केल्यावर तो हिशेब दिसतो.

अडचण येते ती बहुधा मेमरी जास्त झाल्याने. ओरिजिनच्याच १९९२ च्या ‘अल्टिमा ७’ची स्वतःची वेगळी मेमरी व्यवस्था आहे आणि तिचं ईएमएसशी जमत नाही. तिथे `ems=false` करावं लागतं. काही जुने गेम `Packed file is corrupt` म्हणत बंद पडतात. त्यांची फाइल चांगली असते, पण मेमरीच्या पहिल्या ६४ किलोबाइटमध्ये उतरल्यावर त्यांना स्वतःला उलगडता येत नाही. गेमच्या नावाआधी `loadfix` लिहिलं, की ती जागा अडवली जाते आणि गेम सुरू होतो.

सगळं जुळल्यावर हे आकडे गेमच्या फोल्डरमध्ये `wc.conf` नावाच्या फाइलमध्ये ठेवावेत:

```
[cpu]
cycles=fixed 3300
[dos]
ems=true
[sblaster]
irq=7
[autoexec]
mount c c:\dosgames
c:
cd wc
wc
```

आणि डॉसबॉक्स `dosbox -conf wc.conf` असा सुरू करावा. फाइलचा पूर्ण पत्ता द्यायला विसरू नये. ३३०० च्या जागी अर्थात आपण टिपलेला आकडा लिहायचा. सगळ्या गेमना पुरेल असं एकच सेटिंग शोधत बसू नका. गेम कोणत्या साली आला ते पाहा, त्या सालचा पीसी त्याला द्या आणि प्रत्येक गेमची फाइल वेगळी ठेवा.