पदर वर की जॅकेट वर?

डिसेंबर-जानेवारीत नाशिककडच्या लॉनवर संध्याकाळचं लग्न असलं की जेवणं होईपर्यंत बायकांच्या खांद्यांवर शाली येतात आणि हजारो रुपयांची पैठणी शालीखाली गडप होते. निफाडला पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, तिथे थंडीकडे दुर्लक्ष करूनही चालत नाही. यावर कमरेपर्यंतचं आखूड जॅकेट हा चांगला उपाय आहे. मात्र ते शिवायला टाकण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: पदर जॅकेटच्या वरून घ्यायचा की आतून?

पैठणीला मी पदर वरूनच घ्यावा असं म्हणेन. ब्लाऊजवर जॅकेट घालायचं, मग साडी नेसायची आणि निऱ्या घातलेला पदर जॅकेटच्या खांद्यावर पिन करायचा. त्यामुळे समोरचे काठ दिसतात, मागे पदरावरचे मोर दिसतात, आणि उजवी बाजू, पाठ व दोन्ही हात झाकलेले राहतात. पिन जॅकेटच्या नुसत्या वरच्या कापडात न लावता खांद्याच्या शिवणीतून खालच्या ब्लाऊजपर्यंत न्यावी. नाहीतर पदराच्या वजनाने जॅकेट डावीकडे ओढलं जातं आणि गळा तिरका दिसतो. या पद्धतीत एकच अडचण आहे: हॉलमध्ये उकडू लागलं तरी जॅकेट काढता येत नाही. त्यामुळे ती उघड्या लॉनसाठी बरी.

आत-बाहेर करावं लागणार असेल तर समोरून उघडं जॅकेट किंवा श्रग पदराच्या वरून घालावा. आखूड असल्यामुळे पदराचा नक्षीदार शेवट त्याखाली मोकळा राहतो. पण पिन केलेल्या पदराचे पाच-सहा थर डाव्या खांद्यावर असतात. जॅकेटचे दोन्ही खांदे सारखे बेतले तर डावी बाजू वर उचलली जाते आणि खालची कडा वाकडी दिसते. म्हणून डाव्या खांद्याला आणि मुंढ्याला अर्धा इंच जास्त ठेवायला टेलरला आवर्जून सांगा.

मापं नेहमी ब्लाऊज घालूनच द्यावीत. समजा, ब्लाऊजवरून छातीचं माप ३६ इंच आलं. पदराखाली घालायचं जॅकेट तयार होऊन साधारण ३८ इंच असावं. पदरावरून घालायचं असेल तर ४० लागतं. उंचीला मात्र ठरलेला आकडा नाही. खांद्यापासून साडी खोचतो त्या रेषेपर्यंत मोजायचं आणि तिथेच थांबायचं. त्याहून आखूड झालं तर कमरेला वारा लागतो, लांब झालं तर निऱ्यांच्या फुगवट्यावर कडा उडते आणि खुर्चीत बसल्यावर जॅकेट हनुवटीकडे सरकतं.

आता उबेचं. नेटचा किंवा जॉर्जेटचा श्रग सुंदर दिसतो, थंडी मात्र त्यातून आरपार जाते. ऊब कापडात अडकून राहिलेल्या हवेची असते. त्यामुळे मखमल किंवा जाड रॉ सिल्क, आत पातळ फ्लॅनेलचा थर आणि सर्वांत आत गुळगुळीत अस्तर, अशी रचना उपयोगी पडते. मखमलीला लव असते. सगळे भाग एकाच दिशेने बेतले नाहीत तर एकाच ताग्यातली पाठ आणि बाही वेगळ्या रंगाची वाटतात. तिच्यावर थेट इस्त्री फिरवली तर लव दबून चकाकते, म्हणून उलट बाजूने नुसती वाफ द्यावी.

पैठणीवर जॅकेट साधंच असावं, काठाच्या रंगातलं. जरदोसीने भरलेली कडा रेशमावर सतत घासते. हातमागाच्या पैठणीला मागून सुटे धागे नसतात, पण यंत्रमागावरच्या बऱ्याच साड्यांना असतात आणि जॅकेटचे उघडे हूक नेमके त्यांत अडकतात. हुकांवर कापडाची पट्टी लावून घेतली की हा प्रश्न मिटतो. बाही मनगटाच्या दोन-तीन इंच वर संपवली की हिरव्या बांगड्याही दिसतात.

लेहेंग्याचं काम तुलनेने सोपं आहे. जॅकेट कमरपट्टीवर टेकेल इतकंच ठेवायचं आणि जड दुपट्टा एकाच खांद्यावर, पुन्हा शिवणीतूनच पिन करायचा. जॅकेटवरच भरतकाम असेल तर दुपट्टा वगळला तरी चालतो.

ट्रायलला जाताना ब्लाऊज, परकर आणि तीच साडी सोबत न्या. नेसून खुर्चीत बसा, मग अक्षता टाकताना उचलतो तसा उजवा हात वर करा. काखेत ओढ बसली किंवा कडा चार बोटं वर चढली तर मुंढा तिथेच दुरुस्त करून मागा. अस्तर लावून झाल्यावर मुंढा उसवून पुन्हा बसवणं टेलरलाही जड जातं.