स्पीड तीनशे, तरी बॅट उशिरा

आमच्या घरी संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ टीव्ही आईचा असतो. मालिका एकापाठोपाठ एक चालू असतात आणि त्या वेळात रिमोटला हात लावायची कुणाची हिंमत नाही. पुतण्याचं प्लेस्टेशन त्याच टीव्हीला जोडलेलं. मग त्याने मार्ग काढला, रिमोट प्ले. कन्सोल हॉलमध्येच चालू ठेवायचा, आतल्या खोलीत लॅपटॉप उघडायचा, कंट्रोलर केबलने लॅपटॉपला लावायचा आणि खेळायचं. गेम चालतो हॉलमधल्या खोक्यात, त्याचं चित्र तेवढं लॅपटॉपवर येतं.

दोन दिवसांत तक्रार आली. "काका, बॅटच वेळेवर फिरत नाही. मी बटण दाबतो तेव्हा चेंडू कीपरकडे गेलेला असतो." त्याने मोबाइलवर स्पीड टेस्ट काढून दाखवली, २८० मेगाबिट. आपला प्लॅन ३०० चा, मग अडतंय कुठे? भावाने लगेच ५०० च्या प्लॅनची चौकशीही सुरू केली होती.

मी म्हटलं, आधी हिशेब तर करू. हॉलमधल्या कन्सोलवरून आतल्या खोलीत येणारं चित्र इंटरनेटवर जातच नाही. कन्सोलकडून राउटरकडे, राउटरकडून लॅपटॉपकडे, झालं. घराबाहेर पडणाऱ्या वायरचा त्यात संबंध नाही, त्यामुळे ३०० काय आणि ५०० काय, फरक शून्य. दुसरं म्हणजे लागतं किती? रिमोट प्लेसाठी सोनी किमान ५ आणि चांगल्या अनुभवासाठी १५ मेगाबिट सांगते. १५ धरू. गेम सेकंदाला ६० चित्रं पाठवतो, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला पाव मेगाबिट, साधारण ३१ किलोबाइट. नेटवर्कवर ते पंचवीसेक पॅकेटांत तुकडे होऊन येतं. ३०० मेगाबिटच्या वाटेवरून ही पंचवीस पॅकेटं एका मिलिसेकंदाच्या आत पार होतात. पुढचं चित्र यायला अजून पंधरा-सोळा मिलिसेकंद बाकी असतात. म्हणजे रस्ता बहुतांश वेळ रिकामाच. रिकाम्या रस्त्याला आणखी चार लेन वाढवून गाडी लवकर येत नाही.

मग युट्युब त्याच वायफायवर लोण्यासारखं कसं चालतं, हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि तो योग्य होता. युट्युबचा व्हिडिओ आधीच तयार असतो. तुमचा फोन पुढचे अर्धा-पाऊण मिनिटाचे तुकडे आधीच उतरवून ठेवतो. मध्ये दोन सेकंद नेट गेलं तरी साठवणीतून भागतं, तुम्हाला पत्ताही लागत नाही. गेममध्ये पुढचं चित्र तुम्ही कोणतं बटण दाबता त्यावर ठरायचं असतं. जे अजून घडलंच नाही ते साठवायचं कसं? त्यामुळे प्रत्येक चित्र ताजं, तयार झालं की लगेच पाठवायचं आणि आलं की लगेच दाखवायचं. उशिरा आलेलं चित्र शिळ्या वर्तमानपत्रासारखं, टाकूनच द्यावं लागतं.

बटणाचा संदेश तिकडे जायचा, गेमने नवं चित्र बनवायचं, ते दाबून लहान करायचं, इकडे पाठवायचं, लॅपटॉपने उलगडायचं आणि पडद्यावर लावायचं, या सगळ्या फेरीला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी. ती ठरावीक असेल तर हात जुळवून घेतो. थोडा उशीर आहे हे कळलं की बॅट्समन बटण थोडं आधी दाबायला शिकतो. बिघडतं ते उशीर कमी-जास्त व्हायला लागला की. एक चेंडू वेळेवर, दुसरा वेळेवर, तिसरा अचानक दीडशे मिलिसेकंद उशिरा. या हेलकाव्याला तंत्रज्ञ जिटर म्हणतात आणि स्पीड टेस्टच्या त्या मोठ्या आकड्यात तो कुठेच दिसत नाही.

तो बघायला लॅपटॉपवरून थेट आपल्याच राउटरला हाक मारायची. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून `ping -n 100 192.168.1.1` टाइप केलं (तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो, तो त्याच्या तळाशी चिकटवलेला असतो). रिमोट प्ले चालू ठेवूनच हे केलं. आकडे असे यायला लागले:

```
Reply from 192.168.1.1: bytes=32 time=2ms TTL=64
Reply from 192.168.1.1: bytes=32 time=3ms TTL=64
Reply from 192.168.1.1: bytes=32 time=148ms TTL=64
Reply from 192.168.1.1: bytes=32 time=2ms TTL=64
```

शंभरातले पंचाण्णव दोन-तीन मिलिसेकंदांचे, पाच दीडशेच्या आसपास. शेवटी विंडोजने सरासरी दिली १०. सरासरीवर विसंबलो असतो तर "छान आहे की" म्हणून उठलो असतो. पण दीडशे मिलिसेकंद म्हणजे नऊ चित्रं. ताशी १४० किलोमीटरने टाकलेला चेंडू गोलंदाजाच्या हातातून बॅटपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत पोचतो. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा गायब झाल्यावर कोण खेळणार?

लॅपटॉप आणि राउटर यांच्यात भिंत एक, अंतर वीस फूट. एवढ्यात दीडशे मिलिसेकंद कसे लागतात? वायफायचा मूळ स्वभाव असा, की एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं. दुसरं कुणी बोलत असेल तर थांबायचं, आणि पॅकेट धडपडलं तर तेच पुन्हा पाठवायचं. आमचा कन्सोलही वायफायवर होता आणि लॅपटॉपही, म्हणजे प्रत्येक चित्राला हवेतून दोनदा जावं लागत होतं, एकदा राउटरकडे आणि एकदा राउटरकडून. त्यात कन्सोल बसला होता २.४ गिगाहर्ट्झवर. त्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि आमच्या इमारतीत फोनवर तेव्हा बावीस वायफाय दिसत होते. शिवाय मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात गुरगुरतो. वहिनी आठ वाजता भाजी गरम करायला लावते, तेव्हाची मिनिटं आम्ही नंतर मुद्दाम तपासली. अंदाज बरोबर होता.

उपाय फारच साधा निघाला. कन्सोल राउटरच्या शेजारीच होता, त्याला दोन मीटरची लॅन केबल लावली. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घेतला. पुन्हा शंभर पिंग, सर्वांत मोठा आकडा ९. बॅट फिरायला लागली. ५०० च्या प्लॅनची चौकशी थांबली.

इथेच लेख संपला असता, पण दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या आजोळी कोल्हापूरला गेला आणि पुण्यातला कन्सोल तिथून चालवू लागला. आता इंटरनेट खरोखर मध्ये आलं. बराच वेळ झकास चालायचं आणि मग काही मिनिटं नुसता चिखल. तिथून फोन आला, "काका, आता घरी बघा." मी पुण्यातून बाहेरच्या एका पत्त्याला पिंग लावून ठेवलं. एरवी १४ मिलिसेकंद, आणि चिखलाच्या वेळी ४१०. त्याच सुमारास भावाच्या फोनमधले फराळाचे आणि किल्ल्याचे फोटो, व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढत होते.

आमच्या कनेक्शनचा उतरता वेग ३०० असला तरी चढता २० च आहे. जाहिरातीत पहिला आकडा मोठा असतो, दुसरा शोधावा लागतो. आणि कन्सोलचं चित्र घरातून बाहेर जातं ते या दुसऱ्या वाटेने. तिथे फोटोंची गर्दी झाली की राउटर पॅकेटं फेकून न देता रांगेत उभी करतो. ऐकायला हे भलं वाटतं, पण खोट त्यातच आहे. समजा रांगेत १ मेगाबाइट मावतं. म्हणजे ८ मेगाबिट. २० च्या वेगाने ते बाहेर पडायला ०.४ सेकंद, म्हणजे ४०० मिलिसेकंद लागतात. रांग भरलेली असताना गेमचं चित्र आलं तर त्यालाही शेवटी उभं राहून हेच ४०० मोजावे लागतात. आमचा ४१० चा आकडा याच्याशी बरोबर जुळतो. एकही पॅकेट हरवलं नाही, स्पीडही पूर्ण वापरला जातोय, आणि तरी खेळ मेला. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या इंजिनिअरने २०१० च्या सुमारास हे दुखणं चव्हाट्यावर आणलं. मेमरी स्वस्त झाली म्हणून राउटरमध्ये लांबलचक रांगा बसवल्या गेल्या होत्या आणि फोटो पाठवणारं सॉफ्टवेअर तर पॅकेट गळेपर्यंत वेग वाढवतच राहतं. गळायलाच उशीर होतो, म्हणून त्याला गर्दीही उशिरा कळते.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची रीत मांडली. रांगेत किती पॅकेटं आहेत हे ती मोजतच नाही, प्रत्येक पॅकेट किती वेळ ताटकळलं एवढंच पाहते. ताटकळणं सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिलं, की एखादं पॅकेट मुद्दाम टाकून देते. पाठवणाऱ्याला इशारा मिळतो, तो हात आखडता घेतो. राउटरच्या सेटिंगमध्ये ही सोय बहुधा एसक्यूएम या नावाने असते. जुन्या राउटरमध्ये ती नव्हती. नव्यात चालू केली आणि चढत्या वेगाला १८ ची मर्यादा घातली. प्रत्यक्षापेक्षा थोडी कमी अशासाठी, की रांग लागायची तर ती पुढे कंपनीच्या खोक्यात न लागता आपल्या राउटरमध्ये, आपल्या शिस्तीत लागावी. शिवाय प्रत्येकाची रांग वेगळी होते, फोटोंच्या मागे गेमला उभं राहावं लागत नाही.

यात एक गोम आहे. फोटो चालू असताना १८ चे दोन वाटे होतात, गेमला नऊच मिळतात. १५ मागितले तर गेमची स्वतःचीच रांग तुंबते. म्हणून पुतण्याने रिमोट प्लेमध्ये चित्राचा दर्जा १०८०पी वरून ७२०पी वर आणला. प्रेक्षकांचे चेहरे पुसट दिसतात, पण पिंग २० च्या वर जात नाही.

क्लाउड गेमिंगमध्ये हॉलमधला कन्सोल जातो आणि त्याच्या जागी कुठल्या तरी डेटा सेंटरमधला संगणक येतो. घरातली वायफायची आणि रांगेची भानगड तशीच राहते, वर अंतराची भर पडते. काचेच्या तंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन शंभर किलोमीटरला एक मिलिसेकंद. पुणे-मुंबई दीडशे किलोमीटरला दीड, किरकोळच. पण सर्व्हर सिंगापूरला असेल तर चार हजार किलोमीटरचे चाळीस गेलेच, आणि समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त. जीफोर्स नाऊ चालवणारी एन्व्हिडिया ८० मिलिसेकंदांच्या आतला पिंग आवश्यक मानते आणि ४० च्या आतला सुचवते. या चाळिसावर राउटर बदलून, केबल लावून, प्लॅन वाढवून काहीच उपाय चालत नाही. सर्व्हर जवळ आणणं हाच उपाय, आणि तो आपल्या हातात नाही.

पुतण्याने परदेशी सर्व्हरवरची अशीच एक सेवा चालवून पाहिली. पिंग ७५, पण अगदी स्थिर. क्रिकेट त्याने दोन षटकांत सोडलं. पत्त्यांचा गेम मात्र तो तिथे खुशाल खेळतो, कारण पान टाकायला कुणालाच घाई नसते. क्रिकेट रात्री साडेनऊनंतर, टीव्हीवर.