मोबाइलवर आलेला गाळ्याचा नकाशा कसा वाचावा

नागपूरचे गांधीबाग म्हणजे कापडाची मोठी बाजारपेठ. समजा, गटाचे कपडे विकायला तिथे गाळा भाड्याने घ्यायचा आहे आणि मालकाने नकाशाचा फोटो मोबाइलवर पाठवला. भाडे चौरस फुटावर ठरणार आहे. मग तो नकाशा आपल्याला वाचता यायला हवा.

नकाशाच्या कोपऱ्यात ‘प्रमाण १:१००’ असे लिहिलेले असते. म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर जागेवर १ मीटर. पण हे फक्त मूळ कागदाला लागू पडते. फोटोत नकाशा लहान-मोठा होतो, लिहिलेला आकडा मात्र तोच राहतो. म्हणून फोटोवर या प्रमाणाने मोजू नये. नकाशावर प्रमाणपट्टी काढलेली असेल तर ती नकाशाबरोबरच लहान-मोठी होते, म्हणून ती चालते.

पट्टी नसेल तर लिहिलेले एखादे माप शोधावे. समजा, गाळ्याच्या रुंदीवर ३.०० मीटर लिहिले आहे आणि खोलीचा आकडा पुसट आहे. स्क्रीनवर मोजपट्टी ठेवली तर रुंदी २ सेंटिमीटर भरते. म्हणजे स्क्रीनवरचा १ सेंटिमीटर जागेवर दीड मीटर. खोली ३ सेंटिमीटर भरली, तर ती साडेचार मीटर झाली. दोन्ही मापे घेईपर्यंत फोटो बोटांनी लहान-मोठा करू नये.

फोटो तिरपा काढलेला असेल तर हा हिशोब चुकतो. ते ओळखायला गाळ्याची पुढची आणि मागची बाजू मोजून पाहावी. नकाशावर दोन्ही ३.०० असून फोटोत एक २ आणि दुसरी पावणेदोन सेंटिमीटर भरली, तर सरळ वरून काढलेला फोटो मागावा.

आता मापाच्या रेघेची टोके बघा. ती भिंतींच्या आतल्या कडेला असतील, तर ३ गुणिले साडेचार म्हणजे साडेतेरा चौरस मीटर, सुमारे १४५ चौरस फूट जागा. टोके बाहेरच्या कडेला असतील आणि दोन्ही बाजूंच्या भिंती १५-१५ सेंटिमीटरच्या असतील, तर आतली रुंदी २.७० मीटरच उरते. जागा सुमारे १३१ चौरस फूट होते. या १४ फुटांचे भाडे द्यायचे की नाही, हे आधीच बोलून घ्यावे.

शेवटी खुणा. त्यांचा अर्थ नकाशाच्या सूचीत दिलेला असतो. भरीव काळा चौकोन बहुधा कॉलम असतो, तो हलवता येत नाही. पाव वर्तुळ म्हणजे दार; ते जितके फिरते, तितक्या जागेत कपाट ठेवता येत नाही. तुटक रेघ बहुतेक वेळा डोक्यावरची वस्तू दाखवते, तुळई किंवा पोटमाळा. तिथे उंची किती उरते, हे नकाशावरून कळत नाही. त्यासाठी टेप घेऊन गाळ्यातच जावे आणि इसार देण्याआधी जावे.