लघुलेखनाच्या चाचणीतील चुकांचा हिशेब

शालान्त परीक्षेनंतर लघुलेखन शिकावयास जाणारी मुले आमच्या गावातून दरवर्षी निघतात. त्यांच्याशी बोलताना असे दिसते की, चाचणी म्हणजे केवळ हात भरभर चालविणे, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत अपुरी आहे. चाचणीत खरा निकाल लागतो तो चुकांच्या मोजणीने, आणि त्या मोजणीची रीत फार थोड्यांना ठाऊक असते.

केन्द्र सरकारच्या कर्मचारी निवड आयोगाची ‘ड’ श्रेणीच्या लघुलेखकांसाठी होणारी चाचणी आपण उदाहरणादाखल घेऊ. प्रथम लेखी परीक्षा होते. तीत निवडलेल्या उमेदवारांना ही चाचणी द्यावी लागते. इंग्रजी वा हिन्दी उतारा दहा मिनिटे वाचला जातो. वेग मिनिटाला 80 शब्दांचा, म्हणजे एकूण सुमारे 800 शब्द. ‘क’ श्रेणीसाठी हाच वेग 100 शब्दांचा असतो. वाचन संपल्यावर आपल्या खुणांवरून तो उतारा संगणकावर टंकलिखित करावयाचा. त्यासाठी ‘ड’ श्रेणीत इंग्रजीला 50 मिनिटे व हिन्दीला 65 मिनिटे मिळतात.

आता मोजणी पाहू. एखादा शब्द गाळला, चुकीचा घातला किंवा पदरचा जोडला, तर ती पूर्ण चूक. शब्दाचे वर्णलेखन चुकले, अथवा एकवचनाच्या जागी अनेकवचन पडले, तर ती अर्धी चूक. सगळ्या पूर्ण चुकांत अर्ध्या चुकांची निम्मी संख्या मिळवावयाची आणि मूळ उताऱ्याच्या शब्दांशी तिचे शेकडा प्रमाण काढावयाचे. किती प्रमाण चालेल, हे आयोग प्रवर्गवार ठरवितो. आपण हिशेबापुरती मर्यादा शेकडा 5 धरू, म्हणजे 800 शब्दांत 40 चुका.

समजा, एक उमेदवार मागे पडला आणि वाचकाला गाठण्याच्या घाईत त्याने 18 शब्दांचे एक व 14 शब्दांचे दुसरे वाक्य सोडून दिले. शब्दसमूह गळला की त्यातील प्रत्येक शब्दाची एकेक पूर्ण चूक धरतात. तेव्हा त्या दोन वाक्यांतच त्याच्या 32 चुका झाल्या. बाकीच्या उताऱ्यात अवघ्या 10 पूर्ण चुका असल्या तरी बेरीज 42, म्हणजे शेकडा 5.25. तो नापास. दुसऱ्याने वाक्य एकही सोडले नाही. पण 18 शब्द चुकविले आणि 36 ठिकाणी वर्णलेखन बिघडविले. त्याच्या कागदावर एकूण 54 खुणा पडतील. परंतु हिशेब 18 अधिक 18, म्हणजे 36, अर्थात शेकडा 4.5. हा पास! अधिक खुणांचा कागद उत्तीर्ण झालेला पाहून पालकांना नवल वाटते, म्हणून हा हिशेब मुद्दाम विस्ताराने दिला.

वाक्य सुटते ते बहुधा एका अडलेल्या शब्दापायी. हात त्या शब्दावर थबकतो आणि कान पुढचे ऐकणे सोडतो. अशा वेळी कशीबशी खूण करून, किंवा तेवढी जागा मोकळी सोडून पुढे जावे. एक शब्द गेला तर एकच चूक जाते. मुरलेला लघुलेखक वाचकाच्या तीनचार शब्द मागेच असतो. ते शब्द तो मनात धरून लिहितो.

खुणा पुन्हा वाचताना वेगळीच अडचण येते. आयझॅक पिटमन यांनी 1837 साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत व्यंजनांच्या रेघा काढतात आणि वेगात लिहिताना स्वर बहुधा गाळतात. ‘पॅट’, ‘पेट’ व ‘पिट’ या तिन्ही इंग्रजी शब्दांच्या रेघा त्याच. पहिला ओळीच्या वर, दुसरा ओळीवर व तिसरा ओळीला छेदून लिहावयाचा, एवढाच काय तो भेद. घाईत रेघ थोडी खाली सरकली की शब्द बदलला. मग संदर्भावरूनच तो ओळखावा लागतो. म्हणून टंकनापूर्वी खुणा एकदा सावकाश वाचून शंकेच्या जागी पेन्सिलीने शब्द लिहून ठेवावेत. तेवढा वेळ निश्चित असतो: मिनिटाला 35 शब्द टंकणाऱ्याला 800 शब्दांस सुमारे 23 मिनिटे पुरतात. उरलेली 27 मिनिटे वाचनाची व तपासणीची.

हिन्दी उतारा निवडणाऱ्या मराठी मुलांना एक सूचना. आपण ‘समिती’, ‘स्थिती’, ‘प्रगती’ असे दीर्घ लिहितो. हिन्दीत ते ‘समिति’, ‘स्थिति’, ‘प्रगति’ असे ऱ्हस्व आहेत. आपले ‘की’ हे अव्यय हिन्दीत ‘कि’ असते आणि तेथील ‘की’ हा निराळाच शब्द आहे. सरकारी कामकाजाच्या उताऱ्यांत असे शब्द वारंवार येतात, आणि हात मात्र सवयीने मराठीच टंकतो. तपासणीच्या वेळी आम्ही मुलांना केवळ या शब्दांसाठी कागद एकदा वेगळा वाचावयास सांगतो.