काकूंना दिवाळीचं पत्र

2025च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतून माणसं 500 चौरस फुटांच्या घरात गेली. ज्यांच्या इमारतीची पाळी यायची होती, ते शेजारी मागे राहिले. अशा शेजारणीला दिवाळीत काय लिहायचं? ‘सुखसमृद्धीची जावो’ हे कोणालाही लिहिता येतं. माझ्या मते दोघींनी मिळून केलेलं एखादंच काम घ्यावं आणि ते नीट, तपशिलाने आठवावं.

अनारसेच घ्या. जुना तांदूळ तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचं, मग सावलीत पंच्यावर पसरून किंचित ओलसर असतानाच कुटायचा. मैदा चाळायच्या चाळणीने चाळून त्यात किसलेला गूळ मळायचा आणि गोळे चार-पाच दिवस डब्यात मुरू द्यायचे. खरी परीक्षा कढईत. गूळ जास्त झाला की अनारसा हसतो, तुपात विरघळून पसरतो. तेव्हा पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळावी लागते. ती किती, हे पुस्तकात सापडत नाही. शेजारच्या काकू गोळा बोटांनी दाबून सांगतात.

पत्र असं लिहिता येईल:

‘ती. काकूंस, सा. नमस्कार. काल तांदूळ भिजत घातले आणि तुमची आठवण आली. गॅलरीत तुमचा पंचा आणि माझा पंचा शेजारी-शेजारी वाळायचा. माझे अनारसे हसले, की तुम्ही तुमच्या डब्यातली मूठभर पिठी आणून टाकायचात आणि गॅस बारीक करायचात. खसखशीची बाजू वर ठेव, उलटू नकोस, झाऱ्याने तूप उडव, हे दर वर्षी सांगायचात. यंदा पहिला घाणा तुमच्याकडे घेऊन येते. दिवाळीच्या शुभेच्छा.’

यात नव्या घराची लिफ्ट नाही, ‘तुम्हीही लवकर या’ हेही नाही. त्यांची पाळी त्यांच्या हातात नसते, म्हणून ते वाक्य टोचतं. पत्र कोजागिरीच्या सुमारास टाकलं, की वसुबारसेपर्यंत भेटीचा दिवस ठरवायला सवड राहते. काकूंना बारीक अक्षर वाचवत नसेल, तर हाच मजकूर फोनवर सावकाश वाचून दाखवावा.

त्या घरी वर्षभरात कोणी गेलं असेल, तर बेत बदलतो. पुष्कळ घरांत त्या वर्षी तळण करत नाहीत, फराळ आप्त आणि शेजारी आणून देतात. तेव्हा शुभेच्छांची ओळ गाळावी आणि ‘काकू, यंदाचा फराळ माझ्याकडून, वसुबारसेला डबा घेऊन येते’ एवढंच लिहावं.