उद्घाटनाचा व्हिडिओ: नुसतं 'या' नको, यायचं कारण सांगा

तुमच्या फोनवर आजवर किती दुकानांच्या उद्घाटनाचे व्हिडिओ आले असतील? आधी गणपती, मग कापली जाणारी लाल फीत, सनईचे सूर, सोनेरी अक्षरांत 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' आणि शेवटी 'भव्य सूट'. त्यातल्या किती दुकानांत तुम्ही खरंच गेलात?

माझ्या मावशीने इंदूरला साड्यांचं मॅचिंग सेंटर काढलं. ब्लाउजपीस, फॉल, परकर आणि पिकोचं एक मशीन, एवढाच पसारा. पण त्यात तिची सगळी शिल्लक होती. तिचा पहिला व्हिडिओ मी अगदी असाच बनवला होता. '२० टक्के सूट' असं शेवटी लिहिलं होतं. सगळ्यांनी हात जोडलेल्या इमोजी पाठवल्या. मावशी म्हणाली, "अगं, अभिनंदन सगळेच करतायत. येतो असं कुणीच म्हणत नाहीये."

मग आम्ही हिशेब मांडला. समजा १०० रुपयांचा ब्लाउजपीस तिला ७५ रुपयांना पडतो. २० टक्के सूट दिली की हातात उरतात ५ रुपये. आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीने वाचतात २० रुपये, म्हणजे रिक्षाचं भाडंही नाही. तेवढ्यासाठी कोण येणार?

आता उलटं विचारा: बाईमाणूस मॅचिंग सेंटरमध्ये जाते कशासाठी? रंग फोनवर जुळत नाही म्हणून. मोरपंखी म्हणून फोटो पाहावा आणि हातात निळा यावा, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. साडी घेऊन दुकानातच जावं लागतं. म्हणून ऑफर बदलली: 'जिला ब्लाउजपीस मिळत नाही म्हणून कपाटात पडून आहे, ती साडी घेऊन या. रंग जुळवून देऊ आणि त्या साडीला पिको मोफत. खरेदीची सक्ती नाही.'

या ऑफरचा खर्च आधीच कळतो: दोरा आणि मशीनवरच्या मुलीची दिवसाची मजुरी. शिवाय पिको होईपर्यंत गिऱ्हाईक दुकानात बसतं आणि माल बघतं. पण मर्यादाही मोजावी लागते. दोरा बदलण्यासकट एका साडीला साधारण १० मिनिटं धरली, तर सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळात ४८ साड्या होतील. दोरा तुटणं, जेवणाची सुट्टी धरून आम्ही ४० टोकन ठरवली, एका व्यक्तीला एकच साडी. हा आकडा व्हिडिओतच लिहिला. हे नुसतं सौजन्य नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राने २०२२ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: आमिष दाखवून ऐन वेळी हात वर करू नका, मर्यादा असेल तर आधी सांगा.

नवा व्हिडिओ ३० सेकंदांचा, फोन उभा धरून काढलेला. पहिल्या ५ सेकंदांत मावशी कपाटातून घडी न मोडलेली साडी काढते आणि विचारते, "हिचा ब्लाउज मिळाला का?" पुढची १२ सेकंदं ती दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात, साडीवर एकेक ब्लाउजपीस ठेवून पाहते. दोन जुळत नाहीत, तिसरा जुळतो. मग ६ सेकंद मशीनवर पिको आणि पडद्यावर ऑफर. शेवटचे ७ सेकंद स्थिर चित्र: तारीख, वेळ, '४० टोकन', जवळची ओळखीची खूण आणि फोन नंबर, म्हणजे स्क्रीनशॉट घेता येतो. गणपतीचा फोटो दुकानात होताच, तो मागे दिसतो.

तुम्ही करणार असाल तर तीन गोष्टी जपा. फिल्टर लावू नका. रंग बदलला तर मॅचिंगवाल्याचीच पत जाते. बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून मुख्य वाक्य पडद्यावर मोठ्या अक्षरांत हवं. फॉरवर्ड होताना चित्र दबतं आणि बारीक अक्षरं पुसट होतात. आणि लिहायची भाषा गिऱ्हाइकाची हवी. आम्ही मजकूर हिंदीत लिहिला, मावशी मात्र तिच्या मराठी वळणाच्या हिंदीत बोलली. तेच लोकांना आवडलं.

व्हिडिओ पोहोचला की नाही, हे उत्तरांवरून ओळखा. नुसतं 'अभिनंदन' आलं तर व्हिडिओ फसला. मावशीला या वेळी प्रश्न आले: "सिल्कची चालेल का?", "दुपारी टोकन मिळेल?" विचारणारी बाई मनाने निम्मी दुकानात आलेली असते.

उद्घाटनाच्या दिवशी ४० टोकन काही संपली नाहीत. पण संध्याकाळी एक आजी लग्नातली साडी घेऊन आल्या. तिच्या रंगाचा तुकडा काही सापडला नाही. मावशीने तसं स्पष्ट सांगितलं, पिको करून दिला आणि रंग वहीत लिहून घेतला. पुढच्या आठवड्यात आजी पुन्हा आल्या, या वेळी सुनेला घेऊन.