‘तात्पुरता टप्पा’ दहा वर्षे तपासला तेव्हा

स्त्री आणि पुरुष, दोघांविषयीही आकर्षण वाटते असे एखाद्या मुलीने घरी सांगितले, तर मिळणारे उत्तर बहुधा ठरलेले असते. ‘हे वयच असं असतं, लग्न झालं की विसरशील.’ समलिंगी मित्रमैत्रिणींकडूनही कधी कधी तसेच ऐकू येते, ‘अजून तुझं ठरत नाहीये, उद्या आमच्यातच येशील.’ उभयलैंगिकता ही मधली पायरी आहे, यावर दोन्हीकडचे एकमत! (शब्दाचाही एक घोळ आहे. ‘उभयलिंगी’ हा शब्द वनस्पतिशास्त्रात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असलेल्या फुलासाठी येतो. तिथे शरीररचनेबद्दल बोलणे असते. इथे प्रश्न आकर्षणाचा आहे.)

टप्पा म्हटला की तो कधीतरी संपायला हवा. म्हणजे हा दावा तपासता येतो: त्याच व्यक्तींना काही वर्षांनी पुन्हा भेटायचे आणि विचारायचे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी नेमके हेच केले. स्वतःला समलिंगी किंवा उभयलैंगिक म्हणणाऱ्या, अथवा कोणतीही ओळख लावून न घेणाऱ्या 79 तरुणींच्या त्यांनी दहा वर्षांत पाच वेळा मुलाखती घेतल्या. निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले.

उभयलैंगिकता ही मधली पायरी असती, तर दर फेरीला तिथे उभ्या असलेल्यांची संख्या घटत गेली असती. तसे झाले नाही. उभयलैंगिक आणि ‘ओळख न लावणाऱ्या’ तरुणींचे एकत्रित प्रमाण सगळ्या फेऱ्यांत साधारण 50 ते 60 टक्क्यांच्या दरम्यानच राहिले. ही ओळख सोडणाऱ्यांपेक्षा नव्याने स्वीकारणाऱ्या अधिक निघाल्या.

खरी गंमत ओळख सोडणाऱ्यांमध्ये आहे. पाहणीच्या काळात 17 टक्के, म्हणजे साधारण तेरा जणी, कधी ना कधी स्वतःला भिन्नलिंगी म्हणू लागल्या. अभ्यास तिथेच थांबला असता तर ‘बघा, टप्पाच होता’ असे म्हणायला पुरावा मिळाला असता. पण शेवटच्या फेरीपर्यंत त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी पुन्हा उभयलैंगिक किंवा बिनओळखीच्या गटात परतल्या होत्या.

असे का व्हावे? समजा, एखादी तरुणी विसाव्या वर्षी मैत्रिणीच्या प्रेमात आहे आणि सव्विसाव्या वर्षी एका पुरुषासोबत संसार करते आहे. आता कोणी विचारले तर ‘मी भिन्नलिंगी’ असे सांगणे सोपे जाते, कारण समोरचा आणखी प्रश्न विचारत नाही. बदलते ते नाव. आकर्षणाचा किती वाटा स्त्रियांकडे, हेही डायमंड प्रत्येक वेळी विचारत. ते प्रमाण थोडेफार वरखाली झाले, तरी प्रत्येकीचा एकंदर कल बऱ्यापैकी टिकून होता. जोडीदारावरून कल ओळखायला गेलो की आपण इथेच फसतो.

‘यांना एकावर समाधान नसते’ हाही समज या आकड्यांपुढे टिकत नाही. दहाव्या वर्षी बहुतेक जणी एक वर्षाहून जुन्या, एकनिष्ठ नात्यात होत्या.

अर्थात, हा अभ्यास लहान आहे, अमेरिकेतला आहे आणि फक्त स्त्रियांचा आहे. काहींची ओळख खरोखर बदलली आणि बदललेलीच राहिली, हेही त्यातच दिसते. मात्र तो बदल ज्याचा त्यालाच कळतो, शेजारच्याला आधी सांगता येत नाही.

पुरुषांबाबत शंका अधिक तीव्र होती. 2005 मध्ये मायकेल बेली आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत पुरुषांचा शारीरिक प्रतिसाद मोजला, तेव्हा स्वतःला उभयलैंगिक म्हणणाऱ्यांचा प्रतिसाद बहुधा एकाच बाजूला झुकलेला दिसला. ‘हे खोटे बोलतात का,’ अशी चर्चा वृत्तपत्रांतही रंगली. पुढे बेलींच्याच गटाने सहभागींच्या निवडीचे निकष कडक केले. स्त्री आणि पुरुष दोघांशीही किमान तीन महिन्यांचे प्रेमसंबंध राहिलेल्यांनाच घेतले. 2011 च्या त्या अभ्यासात प्रतिसाद दोन्ही बाजूंना दिसला. 2020 मध्ये अनेक अभ्यासांची माहिती एकत्र केल्यावरही तेच आढळले, आणि त्या निबंधाच्या लेखकांत बेली स्वतः होते.

घरच्यांची घाई मात्र लग्न लावून देण्याची, नाहीतर डॉक्टरांकडे ‘बरे’ करायला नेण्याची असते. लग्नाने जोडीदार मिळतो, कल बदलत नाही. नैराश्य आणि चिंता उभयलैंगिक व्यक्तींमध्ये अधिक आढळतात, आणि कोणीच विश्वास ठेवत नाही हा ताण त्यामागच्या कारणांपैकी एक मानला जातो. निद्रानाश, उदासी किंवा धास्ती असेल तर त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाची मदत जरूर घ्यावी. पण कल बदलून देतो असे सांगणारा डॉक्टर भेटला, तर एक गोष्ट ठाऊक असलेली बरी: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये असे ‘रूपांतरण उपचार’ व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.